विदुराच्या वाट्याला आलेले चार पुरुषार्थ

धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. हिंदू जीवनदृष्टी किती समतोल आहे हे सांगायची वेळ आली की हे चार शब्द हमखास पुढे केले जातात. मांडणी ठरलेली असते. पाश्चात्त्य माणूस फक्त अर्थ आणि काम यांच्या मागे धावला, श्रमणांनी संसार टाकून दिला, आपल्या ऋषींनी मात्र कमाई, सुख, कर्तव्य आणि मुक्ती या चारही गोष्टींना आयुष्यात जागा दिली, आणि अर्थ-कामाला धर्माची वेसण घातली. ऐकायला हे छान वाटते. शिकलेल्या बहुजन तरुणांनाही पटते, कारण या शब्दांत कुठेही जात दिसत नाही. पैसा कमवावा पण नीतीने कमवावा, यात वाईट काय आहे?

वाईट काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की पुरुषार्थ या शब्दातला 'पुरुष' कोण? हे चार लाभ माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाचे होते, की त्यांची वाटणी आधीच झाली होती? याचे उत्तर बाहेरच्या कोणा टीकाकाराकडून घेण्याची गरज नाही. ज्या ग्रंथांनी पुरुषार्थ सांगितले त्यांनीच ते लिहून ठेवले आहे.

आधी थोडा इतिहास. हे चार पुरुषार्थ सुरुवातीला चार नव्हतेच, तीन होते. धर्म, अर्थ आणि काम यांना मिळून 'त्रिवर्ग' म्हणत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात श्रेय कशात आहे याबद्दलची वेगवेगळी मते दिली आहेत, आणि शेवटी निर्णय दिला आहे तो त्रिवर्गाच्या बाजूने. कौटिल्यही तिघांचाच हिशेब मांडतो आणि अर्थ हाच प्रधान, कारण धर्म आणि काम दोन्ही अर्थावर उभे आहेत, असे सरळ सांगून टाकतो. वात्स्यायनाचे कामसूत्र सुरू होते तेही त्रिवर्गाला वंदन करून. मोक्ष हा चौथा पुरुषार्थ म्हणून या यादीत नंतर जोडला गेला.

तो का जोडावा लागला हे समजून घेण्यासारखे आहे. मुक्तीचा प्रश्न गावोगाव नेला तो बुद्ध, महावीर आणि इतर श्रमणांनी. घरदार सोडून संघात जायला जन्माची अट नव्हती. उपाली हा शाक्यांचा न्हावी, पण त्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली गेली, म्हणजे राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. यज्ञ, दक्षिणा आणि वर्ण यांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला हे परवडणारे नव्हते. कौटिल्याने बायकामुलांची सोय न करता संन्यास घेणाऱ्याला दंड सांगितला. मनूने सहाव्या अध्यायात मोक्षाला जागा दिली, पण एका अटीवर. आधी तीन ऋणे फेडा, म्हणजे वेद शिका, पुत्र जन्माला घाला, यज्ञ करा, आणि मगच मोक्षाकडे मन लावा. हे न करता मोक्षाची इच्छा धरणारा अधोगतीला जातो. आता ज्याला वेद शिकायचीच बंदी आहे तो पहिले ऋण फेडणार कसा? मोक्षाची किल्ली अशा कुलपात ठेवली की जे कुलूप शूद्राने आणि स्त्रीने हातच लावायचे नाही. ज्याला आज 'समतोल' म्हणतात त्याचा एक मोठा भाग हा श्रमणांना दिलेला जबाब आहे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

पण तत्त्वे बाजूला ठेवू आणि एक माणूस घेऊ. महाभारतातला विदुर.

विदुरच का? कारण पुरुषार्थांवरचा सगळ्यात गाजलेला वाद महाभारताच्या शांतिपर्वात आहे आणि त्या वादात पहिला बोलणारा विदुर आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हा अध्याय १६१ वा आहे. युद्ध संपले आहे, शरशय्येवरचा भीष्म बोलायचा थांबला आहे. युधिष्ठिर घरी येतो आणि चार भाऊ व पाचवा विदुर यांना विचारतो, की धर्म, अर्थ आणि काम यांत श्रेष्ठ कोणता? विदुर म्हणतो धर्म श्रेष्ठ, अर्थ मधला, काम शेवटचा. अर्जुन म्हणतो ही कर्मभूमी आहे, शेती, व्यापार, गोपालन आणि कारागिरी यांवर जग चालते, अर्थाशिवाय ना धर्म होतो ना काम. नकुल-सहदेव मधला मार्ग काढतात. भीम म्हणतो इच्छाच नसेल तर कोण कशाला हात लावेल, ऋषीसुद्धा कुठल्या तरी इच्छेनेच तप करतात. शेवटी युधिष्ठिर मोक्षाची बाजू घेतो. वाद रंगतदार आहे आणि पुरुषार्थांचे कौतुक करणारे तो आवडीने सांगतात. (द्रौपदी या बैठकीत नाही, तिला कोणी विचारलेही नाही.)

आता हा पहिला वक्ता कोण, ते पाहू. विदुर हा व्यासाचा मुलगा, पण त्याची आई राणी नव्हती, राणीची दासी होती. धृतराष्ट्र, पंडू आणि विदुर यांचा बाप एकच, वाढले एकाच वाड्यात, शिकले एकाच भीष्माच्या देखरेखीखाली. फरक आईच्या जन्माचा. विदुर खरोखर होऊन गेला का, हा इथे प्रश्न नाही. ही कथा रचणाऱ्यांच्या आणि शतकानुशतके सांगणाऱ्यांच्या डोक्यात माणसांची वाटणी कशी बसली होती, ते या पात्राकडे पाहून कळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढे पुरेसे आहे.

विदुराचा अर्थ. राज्य देण्याची वेळ आली तेव्हा आदिपर्व दोन कारणे एका दमात सांगते. धृतराष्ट्राला राज्य मिळाले नाही कारण तो आंधळा, आणि विदुराला मिळाले नाही कारण तो पारशव, म्हणजे शूद्र स्त्रीच्या पोटचा. एकाचे डोळे अधू आणि दुसऱ्याची आई दासी, ही दोन्ही सारखीच अपात्रता! विदुर तिघांत शहाणा होता हे ग्रंथ लपवत नाही. शहाणपण असूनही तो मंत्री झाला, सल्ला देत राहिला, आणि ज्यांना तो सल्ला द्यायचा ते ऐकत नव्हते. अर्थशास्त्र त्याला येत होते, अर्थ त्याचा नव्हता.

मनुस्मृती हीच गोष्ट नियम म्हणून सांगते. दहाव्या अध्यायातला १२९ वा श्लोक सांगतो की समर्थ असला तरी शूद्राने धनसंचय करू नये, कारण धन मिळालेला शूद्र ब्राह्मणांना त्रास देतो. आठव्या अध्यायात तर ब्राह्मणाने शूद्राचे धन बेधडक घ्यावे, कारण त्याच्या मालकीचे असे काहीच नसते, असे म्हटले आहे. दहाव्या अध्यायातच चांडाळाची संपत्ती ठरवून दिली आहे. कुत्री आणि गाढवे हे त्याचे धन, लोखंडाचे दागिने, प्रेतावरची वस्त्रे. हे नियम प्रत्येक गावात प्रत्येक काळी जसेच्या तसे पाळले गेले असे मी म्हणत नाही. कौटिल्य शूद्राला शेती, पशुपालन, व्यापार आणि कारागिरी करू देतो, कारण त्याला राज्याचा खजिना भरायचा आहे आणि खजिना राबणाऱ्या हातांनीच भरतो. शूद्रांनी धन मिळवलेच नसते तर मनूला बंदी घालण्याची गरज तरी का पडली असती? पण आदर्श काय होता ते या श्लोकांतून स्पष्ट होते. 'धर्माने कमवावे' या वाक्यात धर्म म्हणजे नीती असा अर्थ आपण आज घेतो. मनूच्या वाक्यात धर्म म्हणजे आपापल्या वर्णाचे काम. म्हणून ब्राह्मणाने दान घेणे हा धर्माने मिळवलेला अर्थ, आणि शूद्राने घाम गाळून चार पैसे मागे टाकणे हा अधर्म. अर्थाला धर्माची वेसण म्हणतात ती ही.

विदुराचा काम. तो वयात आला तेव्हा भीष्माने त्याचे लग्न ठरवले. देवक नावाच्या राजाला शूद्र स्त्रीपासून झालेली एक पारशवी मुलगी आहे, असे त्याच्या कानावर आले होते. तीच आणली. राजाचा दासीपुत्र आणि राजाची शूद्रेपासून झालेली मुलगी, तराजूची दोन्ही पारडी बरोबर. धृतराष्ट्राला गांधारी, पंडूला कुंती आणि माद्री, विदुराला पारशवी. या मुलीचे नाव सांगावे असेही आदिपर्वाला वाटले नाही.

कामसूत्राला आपल्याकडे फार मोकळ्या विचारांचा ग्रंथ समजतात. त्याच्या पहिल्या अधिकरणातला पाचवा अध्याय उघडून पाहावा. सवर्ण, आधी कोणाची न झालेली, शास्त्राप्रमाणे लग्न केलेली स्त्री असेल तर काम पुत्र देतो आणि कीर्ती देतो. आपल्याहून वरच्या वर्णाच्या स्त्रीशी काम निषिद्ध. खालच्या वर्णाच्या स्त्रीशी, वेश्येशी, पुनर्विवाहितेशी संबंध विहितही नाही आणि निषिद्धही नाही, कारण तो फक्त सुखासाठी असतो. म्हणजे वरून खाली सूट, खालून वर बंदी, आणि खालच्या स्त्रीच्या वाट्याला ना लग्न ना कीर्ती. मनूने या बंदीमागे शिक्षा उभ्या केल्या. द्विज स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या शूद्राचे अवयव तोडावेत, सर्वस्व घ्यावे, हे आठव्या अध्यायात आहे. आणि शूद्र पुरुष व ब्राह्मण स्त्री यांचे मूल म्हणजे चांडाळ. अस्पृश्यतेची वंशावळच कामावर घातलेल्या पहाऱ्यातून तयार केली आहे. जातीबाहेर लग्न केलेल्या पोरांना आज कशासाठी मारले जाते हे ज्यांना कळत नाही त्यांनी हा अध्याय वाचावा.

विदुराचा मोक्ष. उद्योगपर्वात धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावतो. विदुर रात्रभर बोलतो, तीच प्रसिद्ध विदुरनीती. राजाने कसे वागावे, धन कसे राखावे, मित्र कसे ओळखावेत, धर्म काय, अधर्म काय. सगळे सांगून होते. धृतराष्ट्र म्हणतो, अजून काही राहिले असेल तर सांग. राहिलेले असते ते ब्रह्मज्ञान, मृत्यूच्या पलीकडचे ज्ञान. आणि इथे विदुर थांबतो. तो म्हणतो की मी शूद्र योनीत जन्मलो आहे, म्हणून याहून पुढे बोलण्याचे धाडस मी करत नाही. त्याला ते ज्ञान नाही असे नव्हे, पण बोलण्याचा अधिकार नाही. मग तो सनत्सुजात या ब्राह्मण ऋषीचे स्मरण करतो, ऋषी येतो आणि पुढचा भाग तो सांगतो. सनत्सुजातीय म्हणून तो भाग वेगळा प्रसिद्ध आहे.

चार पुरुषार्थांचा समतोल मला इथे दिसतो तितका दुसरीकडे कुठेच दिसत नाही. धर्म आणि अर्थ यांवर विदुराने पहाटेपर्यंत बोललेले चालते, कारण त्याचा उपयोग राजाला आहे. मोक्षाची ओळ आली की त्याची जात आठवते, आणि ती आठवण दुसऱ्या कोणी करून द्यावी लागत नाही. तो स्वतःच जीभ आवरतो. ज्या व्यवस्थेत माणूस स्वतःच्या तोंडावर स्वतःच हात ठेवतो तिला पहारेकऱ्यांची फारशी गरज राहत नाही.

पुढे आठव्या शतकाच्या सुमाराला शंकराचार्यांसमोर हाच विदुर अडचण म्हणून उभा राहिला. ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायात शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे का, याची चर्चा आहे. शंकराचार्यांचा निकाल नकाराचा आहे. उपनयन नाही म्हणून वेदाध्ययन नाही, वेदाध्ययन नाही म्हणून वेदातून ब्रह्मविद्या नाही. मग कोणी विचारेल की विदुर आणि धर्मव्याध हे ज्ञानी होते त्याचे काय? उत्तर असे की मागच्या जन्मीच्या संस्कारांमुळे त्यांना ज्ञान झाले, ते अडवता येत नाही. इतरांनी इतिहास-पुराणे ऐकावीत. म्हणजे अपवाद मान्य करायचा, पण त्याचे श्रेय या जन्मातल्या शूद्राला न देता मागच्या जन्मातल्या कोणाला तरी द्यायचे. सर्व जगात एकच ब्रह्म आहे असे सांगणाऱ्या भाष्यात हे लिहिलेले आहे.

राहिला धर्म. विदुर हा साक्षात धर्मदेवतेचा अवतार, असे महाभारत सांगते. मग तो दासीच्या पोटी का आला? तर अणीमांडव्य ऋषीला चोरीच्या खोट्या आळावरून सुळावर चढवले होते. लहानपणी कीटकांना गवताची काडी टोचल्याची ही शिक्षा, असे धर्माने त्याला सांगितले. पोरवयातल्या चुकीला एवढी शिक्षा दिलीस, म्हणून तू शूद्र योनीत जन्म घेशील, असा शाप ऋषीने धर्माला दिला. ऋषीचा संताप रास्त आहे, पण शापात काय दिले ते पाहा. सुळाच्या बदल्यात देण्यासारखी शिक्षा म्हणून ऋषीला सुचला तो शूद्राचा जन्म. मनूच्या दहाव्या अध्यायात अहिंसा, सत्य, अस्तेय, शुचिता आणि इंद्रियनिग्रह हा चारही वर्णांचा समान धर्म सांगितला आहे, आणि समर्थक तो श्लोक नेहमी दाखवतात. तो आहेच. पण समान धर्म पाळून विदुराला काय मिळाले? त्याच्यापेक्षा सत्याला धरून राहिलेले पात्र महाभारतात शोधून सापडणार नाही. तरी ना राज्य, ना बरोबरीचे लग्न, ना बोलण्याचा हक्क.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, गीतेच्या नवव्या अध्यायात स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांनाही परमगती सांगितली आहे. दुसरा, संतांनी मोक्ष सर्वांना खुला केला. दोन्ही खरे आहे, आणि ते नाकारून चळवळीचा काही फायदा नाही. पण गीतेचा श्लोक त्या सर्वांना पापयोनीच्या पंगतीत बसवूनच परमगती देतो, आणि बदल्यात या जगातले काही देत नाही. संतांचे म्हणाल तर चोखोबांकडे पाहा. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी पंढरपूरला आहे, पण विठ्ठलाच्या देवळाबाहेर, महाद्वारासमोर. त्यांच्या जातीच्या माणसांना ते दार उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांना मोक्ष मिळाला असे म्हणणाऱ्यांनी त्यांना सहाशे वर्षे उंबरठा ओलांडू दिला नाही. भिंत बांधायला वेठीला धरलेल्या माणसाला अर्थ न देता मोक्ष तेवढा दिला, हा कसला समतोल? बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. संतांबद्दल आदर ठेवूनही संतांच्या मार्गाने जात मोडली नाही, हे ते स्पष्ट सांगत.

अर्थाला जन्मधर्माची वेसण घातली की काय होते, ते महाराष्ट्रात महार वतनाने दाखवले. गावचे निरोप पोचवायचे, सरकारी वसुली तालुक्याला न्यायची, शिवेचे भांडण आले तर साक्ष द्यायची, मेलेली गुरे ओढायची. बदल्यात वतनाची थोडी जमीन आणि बलुते. वरवर पाहता जमीन आहे, उत्पन्न आहे. पण जमीन नोकरीला बांधलेली, नोकरी जन्माला बांधलेली, कामाला वेळेची मर्यादा नाही, आणि बलुते देणे न देणे पाटलाच्या व गावाच्या मर्जीवर. हक्क मागितला की बलुते बंद. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्या वतनदारांना हवे त्यांनी पूर्ण सारा भरून जमीन रयतेसारखी आपली करावी आणि गावकीतून मोकळे व्हावे, हा त्यातला गाभा होता. त्यांना अर्थ आणि जन्मधर्म यांची गाठ सोडवायची होती. विरोध झाला, विधेयक पुढे गेले नाही. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. विधेयकाच्या एकच वर्ष आधी, १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली होती. ही दोन कामे एकच होती, एक पुस्तकावर आणि दुसरे सातबाऱ्यावर.

मग आपल्याकडे जीवनाचा हिशेब नाही का? आहे, आणि तो जुना आहे. दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ बुद्धांकडे येऊन म्हणाला, आम्ही संसारी माणसे, बायकामुलांत राहणारी, चंदन लावणारी, सोनेनाणे बाळगणारी, आम्हाला इथे आणि पुढे हित होईल असे सांगा. बुद्धांनी त्याला संन्यास घे असे म्हटले नाही. चार गोष्टी सांगितल्या. शेती, व्यापार, गोपालन, नोकरी किंवा कुठलीही कला, जे काम असेल त्यात कसब आणि मेहनत. कष्टाने मिळवलेले नीट राखणे. चांगल्या माणसांची संगत. आणि मिळकत पाहून खर्च, उधळपट्टीही नाही आणि कद्रूपणाही नाही, तराजू धरणाऱ्याने काटा पाहावा तसा. त्यानंतर श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा. या सुत्तात आठ गोष्टी आहेत आणि एकीतही 'तू कोणाच्या पोटी जन्मलास' हा प्रश्न नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये चौथ्या गोष्टीचाही अर्थ लावून दिला. निब्बाण म्हणजे मेल्यानंतर आत्म्याची सुटका नव्हे. राग, द्वेष आणि मोह यांवर इतका ताबा मिळवणे की माणसाला याच संसारात सदाचाराने चालता यावे. त्यासाठी वेदाध्ययनाचे ऋण फेडावे लागत नाही आणि सनत्सुजाताला बोलावून आणावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जमलेल्या लाखो माणसांना, ज्यांच्या पूर्वजांनी विदुरासारखी जीभ आवरली होती, त्यांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने म्हणायला लावल्या.